उदगीरच्या डाळ मिलवरचा सोलर: दहातले साडेतीन किलोवॅट कुठे जातात

६ एप्रिल

उदगीरच्या बाहेरची डाळ मिल. पत्र्याच्या शेडवर ५४० वॅटची अठरा पॅनेल आहेत, म्हणजे ९.७२ किलोवॅट, मिलमध्ये सगळे त्याला ‘दहाचा सोलर’ म्हणतात. एकामागे एक जोडलेल्या नऊ-नऊ पॅनेलच्या दोन माळा, म्हणजे दोन स्ट्रिंग. इन्व्हर्टर दहा किलोवॅटचा, थ्री फेज, दोन एमपीपीटीवाला; एमपीपीटी म्हणजे स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा इन्व्हर्टरचा भाग, प्रत्येक स्ट्रिंगला वेगळी. तो खाली एका खोलीत बसवलाय आणि छतावरून तिथपर्यंत डीसी केबल आलीय.

मालकांची तक्रार एकाच वाक्याची: “दहाचा बसवलाय, तर भर दुपारी साडेसहाच का? दहा का दाखवना?”

मोबाइलमध्ये त्यांनी एक जुना स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. गेल्या जुलैतला, दुपारी एकच्या सुमाराचा, ९.१ किलोवॅट. त्यावरून त्यांचं मत पक्कं झालंय की पावसाळ्यात नऊच्या वर जाणारं यंत्र कडक उन्हाळ्यात साडेसहावर आलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. बसवणाऱ्याला फोन केला तर त्यानं “धूळ बसली असंल, धुवून घ्या” एवढंच सांगितलं.

छतावर चढून पाहिलं. धूळ आहेच, पण नुसती मातीची नाही. तुरीची चुणी आणि फोलपटाची बारीक भुकटी मातीत मिसळून काचेवर पिवळट थर झालाय. पत्र्याचा उतार सात-आठ अंशांचा, पॅनेल त्याच उताराला समांतर, खाली जेमतेम चार इंच फट. खालच्या बाजूची फट कबुतरं शिरू नयेत म्हणून जाळीनं बंद केलीय, तरी आत काड्यांची घरटी दिसतात.

बिघाड आहे की नाही हे आज सांगता येणार नाही. मालकांना म्हटलं, आधी हिशोब मांडू: ऊन किती पडलं, तापल्यामुळे किती गेलं, धुळीत किती गेलं, तारेत किती गेलं. चारही एकमेकांपासून वेगळे काढले तरच कशावर पैसे घालायचे ते कळेल.

९ एप्रिल

आज फक्त मालक आणि मुनीमजींबरोबर बसून लेबल वाचलं. पॅनेलच्या मागच्या लेबलवरचे ५४० वॅट तीन अटींवर असतात. दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन, हवेतून ठरावीक जाडीचा थर पार करून आलेला प्रकाश, आणि सेलचं तापमान २५ अंश. तिसऱ्या अटीतली मेख अशी की २५ अंश हवेचे नसून सेलचे आहेत. मराठवाड्यात भर दुपारी उन्हात ठेवलेलं पॅनेल २५ अंशांवर राहणं बारा महिन्यांत कधी शक्य नाही. कारखान्यात मात्र ते चाचणीला सहज जमतं, कारण तिथं काही मिलिसेकंदांचा दिवा मारून मोजतात. पॅनेलला तापायला वेळच मिळत नाही.

जुलैचा स्क्रीनशॉटही इथंच उलगडला. सर येऊन गेली, पॅनेल गार आणि धुतलेलं, आणि ढगाच्या फटीतून एकदम ऊन पडलं. अशा वेळी ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाशही पॅनेलवर येतो आणि काही मिनिटं ऊन १००० च्याही वर जातं. तेवढ्यापुरते ९.१ दिसतात. त्या दिवसाचे एकूण युनिट ॲपमध्ये काढून दाखवले: एकवीस. परवाच्या साडेसहा किलोवॅटवाल्या दिवसाचे अडतीस. मालक थोडे गप्प झाले, पण समाधान झालं नाही. बरोबरच आहे, अडतीसचे बेचाळीस होतात का हा प्रश्न उरतोच.

१५ एप्रिल

निरभ्र आकाश, वारा जवळपास नाही. उदगीरला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान, म्हणून मोजमाप साडेबाराला ठेवलं.

ऊन मोजायचा हातातला मीटर पॅनेलच्या उताराला टेकवून धरला: ९२०. सावलीतली हवा ४० अंश. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन स्ट्रिंगचे करंट `Ipv1` आणि `Ipv2` दोन्ही १०.९ अँपिअर, त्यांची व्होल्टेज `Vpv1` आणि `Vpv2` दोन्ही ३०६ व्होल्ट. जनरेशन मीटरवर ६.४२ किलोवॅट.

पहिली वजाबाकी उन्हाची. लेबल १००० साठी, ऊन ९२०, म्हणून ९.७२ चे आधीच ८.९४ झाले. ह्याला नुकसान म्हणायचं नाही. मालच कमी आला.

आता उष्णता. सेलचं तापमान काढायला सेलमध्ये थर्मामीटर घालता येत नाही, पण स्ट्रिंग स्वतःच थर्मामीटरचं काम करते. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे वीज काढून घेत नसतानाचं, प्रत्येक अंशाला ठरलेल्या प्रमाणात उतरतं. ह्या पॅनेलच्या डेटाशीटमध्ये ते उणे ०.२७ टक्के दिलंय. एका पॅनेलचं ४९.६ व्होल्ट, नवाचं मिळून ४४६. इन्व्हर्टर थांबवला, मग डीसी आयसोलेटर बंद केला आणि लगेच पॅनेलच्या बाजूला मल्टिमीटर लावला: ३८८ व्होल्ट. लगेच मोजायचं कारण असं की वीज काढून घेणं थांबलं की तीही उष्णता पॅनेलमध्येच राहते, ते आणखी तापतं आणि आकडा उतरत जातो.

४४६ वरून ३८८ म्हणजे १३ टक्के घट. ०.२७ नं भागलं की २५ च्या वर ४८ अंश. ऊन १००० पेक्षा कमी असल्यानं व्होल्टेज किंचित उतरतं, त्याचा एक अंश वजा केला. सेल ७२ अंशांवर आहेत. कडेच्या पॅनेलच्या पाठीवर इन्फ्रारेड थर्मामीटर ६९ दाखवत होता. पाठ सेलपेक्षा दोन-तीन अंश गार असतेच, तेव्हा जुळलं.

हे ७२ जरा जास्त आहेत. डेटाशीटमध्ये ‘एनओसीटी ४५ अंश’ लिहिलंय. त्याचा अर्थ ८०० वॅट ऊन, २० अंश हवा आणि हलका वारा असताना सेल ४५ वर स्थिरावतो, म्हणजे हवेपेक्षा २५ अंश वर. तेच प्रमाण ९२० ला लावलं तर हवेपेक्षा २९ अंश वर, म्हणजे ६९ यायला हवेत. पण तो आकडा चारही बाजूंनी मोकळ्या उभारलेल्या पॅनेलचा आहे. इथं खाली तापलेला पत्रा, फट चार इंच, तीही घरट्यांनी बुजलेली. वरचे तीन अंश त्याचे.

किती वॅट गेले? ह्या पॅनेलची शक्ती दर अंशाला ०.३५ टक्के उतरते. ४७ अंश गुणिले ०.३५ म्हणजे साडेसोळा टक्के. ८.९४ चे ७.४७ उरले. जवळजवळ दीड किलोवॅट एकट्या उष्णतेनं खाल्ले.

आकडा ऐकून मुनीमजी म्हणाले, “मंजी ऊन लागतंय पण, अन् ऊनच नडतंय बी.” अगदी तसंच. प्रकाश करंट देतो, तापमान व्होल्टेज काढून घेतं. तापल्यानं करंट कमी होत नाही, उलट इवलासा वाढतो. म्हणून नुसता किलोवॅटचा आकडा पाहून काहीच उलगडत नाही; करंट आणि व्होल्टेज वेगळे वाचावे लागतात.

१६ एप्रिल

धुळीची परीक्षा. दोन स्ट्रिंगला दोन एमपीपीटी असण्याचा फायदा आज घेतला. काल दोन्हींचा करंट सारखा होता, तेव्हा आज एकच धुवायची आणि दुसरीला हात लावायचा नाही. एकाच छतावर, एकाच उन्हात दोन्ही असल्यानं बाकी सगळं आपोआप सारखं राहतं.

पहाटे सहाला स्ट्रिंग एकची नऊ पॅनेल धुतली. आधी नुसतं पाणी मारून थर भिजू दिला, मग लांब दांड्याचा मऊ ब्रश, शेवटी वायपर. चुणीची भुकटी रात्रीच्या दवानं भिजून वाळली की पिठाच्या लेपासारखी चिकटते, नुसत्या फवाऱ्यानं हलत नाही. कोरड्या फडक्यानंही पुसायचं नाही, मातीतले कण काचेवर ओरखडे काढतात. आणि दुपारी तर मुळीच नाही: सत्तर अंशांच्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.

दुपारी साडेबारा, ऊन पुन्हा ९२० च्या आसपास. `Ipv1` ११.८, `Ipv2` १०.९. व्होल्टेज एकाचं ३०५, दुसऱ्याचं ३०६. धुतलेल्या आणि न धुतलेल्या स्ट्रिंगचं व्होल्टेज जवळपास सारखंच आणि फरक सगळा करंटमध्ये. धुळीची सही अशी असते. ११.८ वरून १०.९ म्हणजे साडेसात टक्के.

धुतलेल्या स्ट्रिंगनं ९२० उन्हात खरं तर ११.९ द्यायला हवे होते. उरलेला एक टक्का पॅनेलच्या वयाचा आणि एकमेकांत थोडं कमी-जास्त असण्याचा. तो सोडून द्यायचा.

दिवसभराच्या हिशोबात साडेसात टक्के म्हणजे साधारण तीन युनिट. बसवणाऱ्यानं “धुवून घ्या” म्हटलं ते खोटं नव्हतं, पण साडेतीन किलोवॅटमधलं त्यानं जेमतेम अर्धा किलोवॅट परत येतं.

२१ एप्रिल

काल संध्याकाळी वावटळ आणि मागोमाग अवकाळीची दहा मिनिटांची सर. सकाळी मालक फोनवर खूश: “चला, फुकटात धुतलं गेलं.”

दुपारी जाऊन पाहिलं. उन्हाचा फरक काढून टाकल्यावर न धुतलेली स्ट्रिंग थोडी सुधारली, ११.१ वर आली. पण धुतलेली ११.८ वरून ११.३ वर उतरली. पावसाच्या थेंबांनी हवेतलीच धूळ खाली आणली आणि ठिपके ठिपके करून वाळवली. जून-जुलैत चांगला तासभर पाऊस पडला की काच खरोखर साफ होते. एप्रिलच्या शिंतोड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

त्याहून महत्त्वाचं खालच्या कडेला दिसलं. सात अंशांच्या उतारावर पाणी जोरात वाहत नाही. ते ओघळून खालच्या फ्रेमपाशी अडतं, कारण फ्रेमची कड काचेपेक्षा दोनेक मिलिमीटर वर असते. पाणी उडून जातं आणि मळी उरते. प्रत्येक पॅनेलच्या तळाशी चार सेंटिमीटर रुंद तपकिरी पट्टा होता. त्यातला पहिला दीड सेंटिमीटर सेल नसलेल्या रिकाम्या कडेवर जातो, उरलेला थेट सेलच्या शेवटच्या रांगेवर. ह्या पॅनेलचे सेल अर्धे कापलेले, एकेक नऊ सेंटिमीटर उंच. म्हणजे पाव सेलवर मळी.

सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एका रांगेचा करंट अडला की तिच्या साखळीतल्या सगळ्यांचा अडतो. पॅनेल उभी लावल्यामुळे तळाची रांग खालच्या अर्ध्या भागातल्या तिन्ही साखळ्यांत येते. वरचा अर्धा भाग स्वतंत्रपणे पॅरलल चालतो म्हणून निभावतं. काचेचा पन्नासावा हिस्सा झाकला म्हणून पन्नासावाच तोटा होईल असं धरणारे इथं फसतात.

धुणाऱ्या पोराला दाखवून सांगितलं: पाणी कमी असलं तर वरचा भाग राहू दे, पण तळाची चार बोटं रोज सोडायची नाहीत. ओल्या फडक्यानं होतं ते.

पाण्याचा विषय निघालाच. अठरा पॅनेलचं क्षेत्रफळ सेहेचाळीस चौरस मीटर. नीट धुतलं तर पन्नास-साठ लिटरमध्ये भागतं. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाइप सोडून धुवा असं सांगायला जीभ रेटत नाही. मुनीमजींनी सुचवलं की आरओचं वाया जाणारं पाणी वापरू. नको. आरओ जे क्षार गाळतो ते सगळे त्याच पाण्यात असतात. बोअरच्या पाण्यापेक्षा ते जास्त खारं. काचेवर वाळलं की पांढरे डाग बसतात आणि ते नुसत्या ब्रशनं निघत नाहीत. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलेलं असेल तर ते उत्तम. बोअरचंच वापरायचं असेल तर वायपरनं लगेच ओढून घ्यायचं, वाळू द्यायचं नाही.

२४ एप्रिल

वायरिंग. छतावरच्या शेवटच्या पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत ५५ मीटर. केबल चार चौरस मिलिमीटरची, तांब्याची, कथील चढवलेली सोलर केबल. जाऊन-येऊन ११० मीटर.

चालू लोडवर सोलर केबलचा जोड, एमसी-फोर कनेक्टर, कधीही ओढायचा नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही, आर्क तसाच पेटता राहतो. म्हणून तारेचा रेझिस्टन्स उजाडण्याच्या आत मोजला. इन्व्हर्टर बंद, आयसोलेटर बंद, वर जाऊन स्ट्रिंगपासून केबलची दोन्ही टोकं सोडवली आणि ती एकमेकांत अडकवली. खाली मल्टिमीटर लावून त्याच्या स्वतःच्या वायरींचा आकडा वजा केला: ०.५८ ओहम. ह्या जाडीच्या केबलचं मानक किलोमीटरला ५.०९ ओहम आहे, त्यावरून ०.५६ यायला हवे होते. म्हणजे कनेक्टर चांगले दाबलेत, आत कुठं जळालेलं नाही.

पण हा आकडा पहाटेचा. काळी केबल दिवसभर तापलेल्या पत्र्यावर पडून असते, दुपारी ती ६५ अंशांपर्यंत जाते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, तेव्हा दुपारी ०.६६ धरायला हवा. १०.९ अँपिअरला ७ व्होल्ट तारेतच पडतात. वॅटमध्ये एका स्ट्रिंगला ७८, दोन्हींचे मिळून १५७.

तारेतलं नुकसान करंटच्या वर्गानं वाढतं. सकाळी आठ वाजता करंट निम्म्याहून कमी, तेव्हा नुकसान पावपटीच्याही खाली. ऐन दुपारी, जेव्हा सगळ्यात जास्त मिळायचं, तेव्हाच तार सगळ्यात जास्त खाते. पॅनेल धुतलं की करंट वाढतो, म्हणून धुण्यानं आलेल्या विजेचाही थोडा वाटा तारेला जातो.

एसी बाजूला इन्व्हर्टरपासून जनरेशन मीटरपर्यंत ६० मीटर ॲल्युमिनियमची, दहा चौरस मिलिमीटरची केबल. दुपारी भर लोडवर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी असं दोन्हीकडे प्रत्येक फेजचं व्होल्टेज घेतलं. आर आणि वाय फेजला २ व्होल्टचा फरक, बी फेजला ५. केबल तिन्हींना एकच, करंट तिन्हींत ९.२ अँपिअर. मग बी फेजलाच तीन व्होल्ट जास्त का? मधल्या आयसोलेटरवर मल्टिमीटरचं एक टोक केबलच्या उघड्या तारेवर आणि दुसरं टर्मिनलवर ठेवलं. २.९ व्होल्ट. चांगल्या जोडावर तिथं काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत.

सप्लाय बंद करून उघडलं. ॲल्युमिनियमच्या तारेच्या टोकावर साधी तांब्याची टोपी, म्हणजे लग, दाबलेली, आत पांढरी भुकटी, कडेचं इन्सुलेशन तपकिरी. तीन व्होल्ट गुणिले नऊ अँपिअर म्हणजे सत्तावीस वॅट, एका लगमध्ये, रोज दुपारी. विजेच्या हिशोबात हे किरकोळ आहे. पण डाळ मिलच्या भुकटीत सोल्डरिंग आयर्नइतका तापणारा जोड म्हणजे आगीला बोलावणं. ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्हींना चालणारे बायमेटल लग आणून तिन्ही फेजचे बदलले. सगळ्या कामातला हा एक जोड मी एक दिवसही पुढे ढकलला नसता.

२९ एप्रिल

१५ तारखेच्या दुपारचा पूर्ण हिशोब मालकांना कागदावर दिला. इन्व्हर्टर स्वतः अडीच टक्के घेतो, तोही धरला.

```
लेबल                  ९.७२ किलोवॅट
ऊन १००० ऐवजी ९२०    - ०.७८
उष्णता, सेल ७२ अंश   - १.४७
वय, कमी-जास्त         - ०.०९
धूळ                   - ०.५६
डीसी केबल             - ०.१६
इन्व्हर्टर             - ०.१६
एसी केबल, लग         - ०.०८
मीटरवर                  ६.४२
```

बेरीज जुळली म्हणजे लपलेला बिघाड नाही. समजा हिशोबानं ६.४ यायला हवे आणि मीटरवर ५.५ दिसले, तर अडलेल्या सेलना वळसा देणारा बायपास डायोड जळालाय का, तडा गेलेलं पॅनेल, ह्यांचा शोध घ्यावा लागला असता. एक डायोड गेला तर पॅनेलचं एक तृतीयांश व्होल्टेज जातं, आणि ते दुसऱ्या स्ट्रिंगशी ताडून लगेच कळतं: करंट सारखा पण व्होल्टेज अकरा-बारानं कमी.

मालकांचा पहिला प्रश्न अर्थातच सगळ्यात मोठ्या आकड्यावर. उष्णतेचं काय करता येईल? पॅनेल फूटभर उचललं तर तीन-चार अंश उतरतील, म्हणजे एक-सव्वा टक्का. त्यासाठी नवीन स्ट्रक्चर, आणि वळवाच्या वाऱ्याचा जोर पत्र्याखालच्या जुन्या आडव्या पर्लिनवर. नको. दुपारी पाण्याचे फवारे मारायचा सल्ला त्यांना कुणीतरी दिलाय. त्यात पाणी, क्षार आणि पंपाची वीज, तीनही जातात. जाळी काढून घरटी साफ करायची आणि फक्त कडेला, हवा जाईल अशी मोठ्या भोकांची जाळी लावायची, एवढंच. उष्णतेचे उरलेले सव्वा-दीड किलोवॅट सोडून द्यायचे. नवीन पॅनेल घेताना मात्र दर अंशाला ०.३५ ऐवजी ०.२९-०.३० टक्के उतरणारं टॉपकॉन जातीचं घ्यावं. ७२ अंशांवर त्याचा फरक अडीचेक टक्क्यांचा पडतो आणि आपल्याकडे तो वर्षातले बरेच महिने मिळतो.

डीसी केबल बदलून सहा चौरस मिलिमीटरची टाकायची का? २२० मीटर केबल, आणि ऐन दुपारी वाचणार पन्नासेक वॅट. पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. त्याऐवजी फुकटातला मार्ग आहे: दोन स्ट्रिंगची एक करायची. अठरा पॅनेल एका माळेत आली की व्होल्टेज दुप्पट, करंट तेवढाच, आणि केबलची एकच जोडी करंट वाहते. नुकसान सरळ निम्मं.

८ मे

जोडणी बदलण्याआधी थंडीतलं व्होल्टेज तपासलं, कारण इथं धोका उन्हाळ्यात नसतो, हिवाळ्याच्या पहाटे असतो. गार पॅनेलचं व्होल्टेज चढतं. अठरा पॅनेल २५ अंशांवर ८९३ व्होल्ट. इथली थंडी जास्तीत जास्त पाच अंशांपर्यंत धरली, तर वीस अंशांचे ५.४ टक्के वाढून ९४१. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १०००. बसतं, पण मोकळी जागा फार नाही; एकोणीसावं पॅनेल ह्या माळेत घालायचा मोह पुढे कुणाला झाला तर त्याला हे पान दाखवावं. डीसी बाजूच्या पेटीतले, म्हणजे डीसीडीबीतले, फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही १००० व्होल्टचे आहेत, बदलावे लागले नाहीत. ते ६०० चे असते तर आधी ते बदलायचे होते.

काम पहाटेच केलं. पेटीवर ‘९५० व्होल्ट डीसी’ अशी लाल पट्टी चिकटवली. दुसरी एमपीपीटी आता रिकामी राहील, आणि दोन स्ट्रिंग शेजारी ठेवून ताडून पाहायची सोय गेली. म्हणूनच धुळीची परीक्षा आधी उरकून घेतली होती.

२३ मे

हवा ४२ अंश. सगळी पॅनेल काल पहाटे धुतलेली, फट मोकळी, लग नवे. ऊन योगायोगानं ९२०.

`Vpv1` ६१७, `Ipv1` ११.८. मीटरवर ७.०५ किलोवॅट. सेल आजही ७२ वरच, कारण फट मोकळी करून मिळवलेले दोन अंश हवेनं परत घेतले. ६.४२ चे ७.०५ झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. त्यातला बहुतेक भाग पाणी-ब्रशचा आणि थोडा जोडणीचा.

मालक म्हणाले, “मंजी दहा काही व्हायचे नाहीत.” मी म्हटलं, एप्रिल-मेच्या दुपारी सात हेच ह्या छताचे दहा. त्यांनी ते मान्य केलं की नाही सांगता येत नाही, पण ॲप बंद करून खिशात ठेवलं.

मुनीमजींसाठी इन्व्हर्टरशेजारच्या भिंतीवर मार्करनं लिहून ठेवलं. धुवायचं की नाही हे किलोवॅटवरून ठरवायचं नाही, ते तापमानाबरोबर हलतात. निरभ्र दुपारी साडेबाराला फक्त `Ipv1` पाहायचा. एप्रिल-मेमध्ये ११.२ च्या खाली गेला की धुवायचं. डिसेंबरात सूर्य कलतो, ह्या उतारावर दुपारचं ऊन ८०० च्या आसपास राहतं; तेव्हा ९.७ च्या खाली गेल्यावर. करंट ठीक असून व्होल्टेज नेहमीपेक्षा अकरा-बारानं उतरलं, तर ब्रश ठेवून मला फोन करायचा. मधल्या महिन्यांचे आकडे जून उलटल्यावर भरायचेत.